झोपेच्या फिल्मचं शेवटचं वाक्य

अप्पांचा आवाज कपड्यांच्या कपाटात सगळ्यात चांगला लागायचा.

हे ऐकून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं कुणालाही वाटेल, पण तसं काही नव्हतं. अप्पांची मुलगी शाळकरी मुलांसाठी माहितीच्या छोट्या फिल्म लिहायची, आणि त्या धंद्यात नुसत्या कागदावर काही खरं नसतं. लिहिलेलं कुणीतरी मोठ्याने वाचावं लागतं. कुठे दम लागतो, कुठे जीभ अडखळते, सगळं मिळून किती वेळ जातो, हे वाचल्याशिवाय कळत नाही. हा झाला कच्चा आवाज. त्याच्यावर चित्रं बसवतात, मग पैसे मोजून आणलेला पक्का आवाज येतो आणि कच्चा पुसून टाकतात. लेखिकेच्या सगळ्या फिल्मना कच्चा आवाज अप्पांचा असायचा. कपाटात लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून अप्पा दार उघडून, जुन्या लोकरी कोटात नाक खुपसून उभे राहायचे आणि मुलगी त्यांच्या तोंडापुढे फोन धरायची. शेजारच्या बाईंनी एकदा खिडकीतून हे दृश्य पाहिलं आणि पुढे बरेच दिवस लेखिकेशी फार हळुवारपणे बोलत होत्या.

अप्पांनी उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात घातली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी सापडली, हे सगळं त्या आवाजाने गावाला सांगितलं. गाडी येणारच नाही हे ठाऊक असलं तरी ते "थोड्याच वेळात येत आहे" असं इतक्या गोडीने म्हणायचे की लोक पुन्हा बाकावर टेकायचे. त्यांची मुलगी मात्र अबोल निघाली. ते तिला मौनीबाई म्हणायचे. तिच्या वाटणीचंही आपणच बोलून टाकलं, असं चारचौघांत सांगायचे. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच होती, आणि घर भरलेलं वाटायचं ते त्या एका आवाजामुळे.

परीक्षा जवळ आल्या तेव्हा झोपेची फिल्म आली. अभ्यासाच्या धसक्याने ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही अशा मुलांसाठी. लेखिकेने मन लावून लिहिली. रोज साधारण एकाच वेळी उठा. झोपायच्या आधी दिवे मंद करा आणि फोन हाताला लागणार नाही एवढा लांब ठेवा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. उद्याची कामं डोक्यात घोळत असली तर कागदावर उतरवून काढा आणि कागद घडी घालून बाजूला ठेवा. झोप येतच नसेल तर तिच्याशी झटापट करू नका, उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा.

अप्पांनी कोटात तोंड घालून सगळं वाचलं. घसा बसलेला होता, खरखर येत होती. "सर्दी आहे," ते म्हणाले. सर्दी महिनाभर असते का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. वाचून झाल्यावर ती फोन बंद करणार तेवढ्यात त्यांनी मनानेच एक वाक्य जोडलं. "झोप आता, बाळा. सकाळी सगळं ठीक होईल."

लेखिकेचा हात तिथेच थांबला. तिच्या शाळेच्या दिवसांत, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती घाबरली की अप्पा दिवा मालवताना हेच म्हणायचे. आणि व्हायचं ठीक. निदान तिला तरी तसंच आठवत होतं. तिने ते वाक्य ठेवलं.

मग संहिता समुपदेशक बाईंकडे गेली. या बाई शाळांतून फिरायच्या, परीक्षेला घाबरलेल्या पोरांशी बोलायच्या, आणि फिल्ममध्ये काही चुकीचं जाऊ नये म्हणून स्टुडिओने त्यांना तपासायला नेमलं होतं. स्टुडिओत त्यांचं नाव कात्री. हे त्यांनाही माहीत होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

"झोपेने स्मरणशक्ती वाढते, हे काढा," कात्री म्हणाल्या. "आपण डॉक्टर नाही. झोप झालेली असली की अभ्यास करणं बऱ्याच जणांना सोपं जातं, एवढंच म्हणा. आणि आठ तास झोपलंच पाहिजे, हेही नको."

"पण ते तर सगळेच सांगतात."

"सांगू देत. जागं पडलेलं पोर मग तास मोजत बसतं. आता सात उरले, आता सहा उरले. आपल्याच फिल्मने त्याची झोप उडवायची का? त्यापेक्षा घड्याळाचं तोंड भिंतीकडे करायला सांगा. आणि बरेच दिवस झोप नसेल, मन जड असेल, तर घरातल्या मोठ्यांना, शाळेतल्या समुपदेशकाला नाहीतर डॉक्टरांना सांगा, हे हवंच. हे कापायचं नाही."

लेखिकेने मान डोलावत सगळं उतरवून घेतलं. कात्री शेवटच्या वाक्याला आल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या वडिलांनी जोडलंय. नुसता धीर दिलाय हो. यात कसला आलाय वैद्यकीय दावा?"

"वैद्यकीय नाही. पण दावा आहेच." कात्री म्हणाल्या. "मी हेच वाक्य एका मुलीला म्हटलं होतं. झोप, सकाळी ठीक होईल. सकाळी काही ठीक झालं नाही, तिचा पेपर वाईटच गेला. ती पोरगी आज बरी आहे, पण त्यानंतर माझ्याकडे आली नाही. ज्यांचं ठीक होत नाही ना, त्यांना आपण खोटे वाटतो. आणि नेमकी त्यांनाच आपली गरज असते. दुसरं वाक्य लिहा."

लेखिकेला राग आला. कात्रीबाईंचा आला, आणि त्या बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच आला. घरी आल्यावर तिने दुसरं वाक्य लिहायचा खूप प्रयत्न केला. काहीही लिहिलं की ते एक तर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं व्हायचं, नाहीतर पुन्हा फिरून वचनच व्हायचं.

त्याच सुमारास अप्पांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, पण सांगायची घाई नव्हती त्यांना. घशात गाठ होती, वाईट होती, आणि स्वरयंत्र काढावं लागणार होतं. पुढे दुसऱ्या मार्गाने बोलायला शिकवतात, पुष्कळ जण शिकतात, पण तो आवाज हा नसेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे गाडी रद्द." डॉक्टरांना काही कळलं नाही. मुलीला कळलं, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

इकडे स्टुडिओत वेगळंच घडलं. शेवटचं वाक्य सोडून बाकीच्याचा पक्का आवाज येऊन गेला. छान गुळगुळीत, तरुण आवाज, उच्चार स्वच्छ. रीत अशी की फिल्म पुरी करण्याआधी ती मुलांना दाखवून बघायची, म्हणून कात्रींनी दोन्ही आवाज एका वर्गाला ऐकवले. पोरांनी गुळगुळीत आवाज ऐकून जांभया दिल्या, ते झोपेच्या फिल्मला तसं शोभूनच दिसलं. पण कच्च्या आवाजाला वर्ग गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, हे आजोबा खरंच जागे राहिल्यासारखे वाटतात. झालं, स्टुडिओच्या साहेबांनी ठरवून टाकलं की आजोबांचाच आवाज ठेवायचा. नवी वाक्यं तेवढी त्यांच्याकडून पुन्हा वाचून घ्या.

लेखिकेने मधली वाक्यं घाईघाईने वाचून घेतली. कपाटापुढे आता खुर्ची ठेवावी लागत होती. अप्पा एक वाक्य म्हणायचे, पाणी प्यायचे, मग दुसरं. शेवटचं मात्र राहिलं, कारण ते लिहूनच झालं नव्हतं. आणि जुनं वाक्य कापलंय, हे तिने अप्पांना सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचा आवाज जाणार आहे, त्याला त्याचं सगळ्यात लाडकं वाक्य आम्ही पुसलं, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने तोंडाला कुलूप लावलं. तशीही तिला त्याची सवय होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती अप्पांजवळ बसली होती. दवाखान्याच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर मोठं गोल घड्याळ. बाहेर जेवणाच्या ताटांचा खडखडाट चालला होता. अप्पांना सकाळपर्यंत काही खायची-प्यायची मनाई होती, आणि ते नर्सला जेवणाच्या चौकश्या करून छळत होते. आवाज आता नुसता खरवडल्यासारखा उरला होता. तरी बोलणं थांबत नव्हतं. ते थांबलं तेव्हा मुलीला भीती वाटली.

बऱ्याच वेळाने अप्पांनी विचारलं, "मौनीबाई, सकाळी ठीक होईल ना गं?"

जन्मभर ज्यांनी तिला हे सांगितलं, ते आज तिला विचारत होते. हो म्हणणं किती सोपं होतं. जगातली कुठलीही मुलगी हो म्हणाली असती, आणि तिला कुणी दोष दिला नसता. हिच्या ओठांवर आलंही होतं. पण मग तिला कात्रींची ती पोरगी आठवली, न आलेली. उद्या अप्पा शुद्धीवर येतील, घशाला हात लावतील, आणि आपण काय म्हणालो होतो ते त्यांना आठवेल. तेव्हा त्यांनी आपल्यापासून तोंड फिरवलं तर? आवाज जाणार होताच. विश्वास तरी राहायला हवा होता.

"ते मला नाही सांगता येणार, अप्पा," ती म्हणाली. "सकाळी काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही आता झोपा. उठलात की हाक मारा. मी बाहेरच असेन."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. हाक मारा! कुणाला सांगतोय आपण हे? तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अप्पांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "कशाने मारू?" ते म्हणाले. "शिट्टी आणून ठेव एक."

मग तीही हसली, आणि हसता हसता रडली, आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून तिने सगळं सांगून टाकलं. वाक्य कापलं ते. कात्री काय म्हणाल्या ते. दुसरं सुचत नाही ते. अप्पांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत.

"बाई शहाण्या आहेत," ते म्हणाले. "मी लोकांना सांगायचो ना, थोड्याच वेळात येत आहे. एक म्हातारी रोज यायची शेवटच्या गाडीला. एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, बाबा, येणार नसली तर तसं सांग, मी चालत जाईन. सांगायला हवं होतं गं." त्यांनी पाणी मागितलं, मग आठवलं की पाणीही नाही. "आत्ता काय म्हणालीस तू? तेच घे. फोन काढ."

"आता?"

"मग काय उद्या?"

खोली घुमत होती. कपाट नव्हतं. अप्पांनी स्वतःच चादर डोक्यावर ओढली आणि एक हात बाहेर काढून मुलीला आत यायची खूण केली. दोघं चादरीच्या आत डोकी घालून बसली. आत उबदार अंधार होता आणि औषधांचा वास. पहिल्यांदा अप्पांना खोकला आला. दुसऱ्यांदा नर्स आली आणि चादर उचलून म्हणाली, "काय चाललंय काय इथे?" अप्पांनी तिला तोंडावर बोट ठेवून दटावलं. ती चक्रावली, पण दार लोटून घेऊन तिथेच उभी राहिली आणि बाहेरच्या ताटवाल्याला म्हणाली, "जरा गप रे."

तिसऱ्यांदा अप्पा म्हणाले, "सकाळी काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, बाळा. आता झोप. उठल्यावर कुणाला तरी हाक मार."

मुलीने फोन बंद केला. चादर लगेच काढली नाही.

ऑपरेशन पार पडलं. ठीक झालं म्हणावं तर झालं, नाही म्हणावं तर नाही. गाठ निघाली, अप्पा वाचले, आणि आवाज गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी ओठ हलवले आणि काहीच आलं नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मुलीने दाराच्या काचेतून पाहिलं आणि ती जन्मात विसरणार नाही. मग त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर नख वाजवलं. टक टक. ती दार ढकलून आत गेली आणि म्हणाली, "ओ." त्यांनी डोळे मिटून घेतले.

स्टुडिओत ध्वनी जुळवणारा कानसेन त्या वाक्याशी झटला. घरातला आवाज आणि दवाखान्यातला आवाज काही केल्या एक होईनात. शेवटचं वाक्य फार खरवडलेलं, मागे कुठेतरी ताट वाजलेलं. "पुन्हा घेता येईल का?" त्याने अजाणता विचारलं, आणि मग लेखिकेचा चेहरा पाहून कानाला हात लावला. कात्रींनी हेडफोन घालून ते वाक्य ऐकलं. परत ऐकलं. "ताटाचा आवाज राहू दे," एवढंच म्हणाल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

घर फार शांत झालं. लेखिकेला झोप येईना. स्वतःच लिहिलेलं सगळं तिने करून पाहिलं, फोन दूर ठेवला, घड्याळ भिंतीकडे फिरवलं, उठून मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घातल्या. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही. फिल्ममध्येही तेवढंच म्हटलं होतं. कपाट उघडलं की लोकरी कोट दिसायचा आणि ती दार पुन्हा लावून टाकायची. अप्पांचा आवाज फोनमध्ये होता, पण एकदाही लावून ऐकायची हिंमत तिला झाली नाही.

फिल्म पहिल्यांदा दाखवायची ती त्याच वर्गाला, असं ठरलं. अप्पांनी पाटीवर लिहिलं, मी येणार. गळ्याला उपरणं गुंडाळून ते शेवटच्या बाकावर, पोरांच्या मापाच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. लेखिका पुढे पडद्याजवळ उभी होती. खिडक्यांवर कागद लावून अंधार केला होता.

आवाज आला आणि तिने भिंतीला हात टेकला. तिला वाटलं होतं आपण तयार आहोत. आपण कसल्या तयार? घरात परत कुणीतरी बोलायला लागल्यासारखं झालं. शेवटचं वाक्य आलं, ताट वाजलं, दिवे लागले.

कात्रींनी मुलांना खरं ते सांगितलं, अप्पांना आधी विचारूनच. हे आजोबा मागे बसलेत. शेवटचं वाक्य त्यांनी त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी म्हटलंय. त्यानंतर त्यांना बोलता येत नाही.

सगळ्या माना मागे वळल्या. अप्पांनी जुन्या सवयीने जरा ताठ बसून घेतलं. मग ती मुलगी उठली, आजोबा जागे राहिल्यासारखे वाटतात म्हणणारी. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "मग सकाळी ठीक झालं का?"

मास्तर तिला गप्प करायला पुढे झाले, कात्रींनी त्यांना हाताने अडवलं. लेखिकेला वाटलं, आता अप्पा मान डोलावतील. एवढी पोरं बघतायत, लहान आहेत, हो म्हणायला काय जातंय. ते जन्मभर लोकांना बाकावर बसवून ठेवणारे गृहस्थ होते.

अप्पांनी त्या मुलीकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही.

ती मुलगी बसली नाही. "मग तुम्ही हाक मारलीत?" तिने विचारलं. "बोलता येत नव्हतं, तर कशी मारलीत?"

अप्पांनी हाताची मूठ केली आणि बोटांच्या पेरांनी बाकावर वाजवलं. टक टक.

"ओ, अप्पा," लेखिका म्हणाली. तिला कळायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि माणसांनी भरलेल्या खोलीत ती इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलली होती.

त्या मुलीने एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मग ती खाली बसली, बाकावर डोकं टेकलं आणि मोकळेपणी रडायला लागली. तिच्या शेजारणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. कात्री पुढे जाऊन तिच्या बाकाजवळ उकिडव्या बसल्या आणि काहीही वचन न देता तिथेच बसून राहिल्या.